सर्व्हिसनंतर ग्राहकाला फीडबॅक मागताय? मेसेजमध्ये या तीन गोष्टी आधी सांगा



फीडबॅकवरचा व्हिडिओ टाकल्यापासून बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतोय. "सर, आम्ही सर्व्हिस झाल्यावर ग्राहकाला फॉर्म पाठवतो, पण कुणी भरतच नाही. काय करायचं?" व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण माझ्याच दुकानाचं घेतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

माझं वॉटर प्युरिफायर विक्री आणि सर्व्हिसचं दुकान आहे. दोन टेक्निशियन आहेत. ते घरोघरी जाऊन फिल्टर बदलतात, मेम्ब्रेन बघतात, गळती काढतात. काही वर्षांपूर्वी मला वाटलं की आपणही मोठ्या कंपन्यांसारखा फीडबॅक घ्यावा. मग मी १४ प्रश्नांचा एक गुगल फॉर्म बनवला आणि व्हॉट्सॲपवर हा मेसेज फिरवला:

> प्रिय ग्राहक, आमची सेवा अधिक चांगली करण्यासाठी कृपया खालील लिंकवर आपला बहुमूल्य अभिप्राय द्यावा. धन्यवाद.

४० लोकांना पाठवला. तीन फॉर्म भरून आले. त्यातला एक माझ्या मेव्हण्याचा होता.

तेव्हा मी ग्राहकांवर चिडलो. आता तोच मेसेज ग्राहकाच्या जागी बसून वाचून बघा. संध्याकाळी साडेसात वाजले आहेत, गॅसवर भाजी आहे आणि फोनवर एक लिंक आली आहे. मनात तीन शंका येतात. याला किती वेळ लागणार? हे मला कशाला विचारतायत? आणि मी खरं लिहिलं तर त्याचं पुढे काय होणार? माझ्या मेसेजमध्ये तिन्हींचं उत्तर नव्हतं. शिवाय हल्ली अनोळखी लिंक दिसली की लोक फसवणुकीच्या भीतीने हातच लावत नाहीत, आणि ते बरोबरच करतात.

या तीन शंका आपण एकेक करून घेऊ.

१. वेळ: अंदाजाने लिहू नका, घड्याळ लावून मोजा

"फक्त दोन मिनिटं लागतील" हे वाक्य आपण सवयीने टाकतो. मी पण टाकलं होतं, दुसऱ्यांदा पाठवताना. मग शेजारच्या स्टेशनरीवाल्या काकांना तोच फॉर्म भरायला दिला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. त्यांना सहा मिनिटं लागली. "सेवेबद्दल आपले सविस्तर मत लिहा" या एकाच प्रश्नावर त्यांची दोन मिनिटं गेली, कारण मराठी टाइप करायला त्यांना वेळ लागतो.

दोन मिनिटं सांगून सहा मिनिटं घेतली की ग्राहक मध्येच सोडून देतो. आपल्याला ते कळतही नाही, कारण गुगल फॉर्ममध्ये फक्त "सबमिट" केलेली उत्तरं दिसतात. किती जण अर्ध्यातून उठून गेले, हे तिथे कुठेच दिसत नाही. आणि एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी तुमचा मेसेज उघडत नाही, हे त्याहून वाईट.

म्हणून पाठवायच्या आधी पाच जणांकडून भरून घ्या. त्यात एक तरी साठीच्या पुढचा माणूस असू दे, आणि एक तरी जण असा असू दे ज्याला तुमच्या धंद्यातलं काहीही माहीत नाही. मी तीन प्रश्नांचा नवा सर्व्हे असाच तपासला. चौघांना २५ ते ४० सेकंद लागले, पाचव्या काकांना एक मिनिट ५० सेकंद. सगळ्यांची सरासरी काढून मी "एक मिनिट" लिहू शकलो असतो. पण मग त्या काकांसारख्या प्रत्येक ग्राहकाशी मी खोटं बोललो असतो. म्हणून मी लिहिलं, "एक ते दोन मिनिटं". सगळ्यात हळू माणसालाही पुरेल तोच आकडा सांगायचा. कुणाचं लवकर झालं तर त्याला बरंच वाटतं.

मिनिटांसोबत प्रश्नांची संख्याही सांगा. "तीन प्रश्न आहेत, आकडा टाइप केला तरी चालेल" एवढं वाचलं की समोरच्याला कामाचा आवाका कळतो. आणि प्रश्न तीन-चारच असतील तर लिंक देऊच नका. प्रश्न मेसेजमध्येच लिहा आणि तिथेच उत्तर मागा. लिंक उघडायची भीतीच राहत नाही.

२. हेतू: "सेवा सुधारण्यासाठी" हा हेतू नाही

हे वाक्य खोटं नाही, पण त्यातून काही कळत नाही. ग्राहकाला त्यात स्वतःचा फायदा दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नेमकं काय विचारायचं ते ठरवता येत नाही. माझे १४ प्रश्न झाले ते त्यामुळेच. टेक्निशियनचे कपडे नीटनेटके होते का, हेसुद्धा मी विचारलं होतं. उत्तर "नाही" आलं असतं तर मी काय करणार होतो, याचा विचारच केला नव्हता.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. आधी एक निर्णय शोधा, जो तुम्हाला या महिन्यात घ्यायचा आहे आणि जो ग्राहकाला विचारल्याशिवाय घेता येत नाही. मग तेवढ्यापुरतेच प्रश्न लिहा. प्रत्येक प्रश्नासमोर स्वतःला विचारा, "याचं उत्तर वाईट आलं तर मी काय बदलणार?" उत्तर सुचलं नाही तर प्रश्न खोडा.

माझ्यापुढे तेव्हा एक खरा प्रश्न होता. "मुलगा वेळेवर येत नाही" अशी कुरकुर कानावर येत होती. टेक्निशियनची वेळ बदलायची की नाही, हे मला ठरवायचं होतं. मग हेतूचं वाक्य आपोआप तयार झालं: "घरी येण्याची वेळ तुमच्या सोयीची कशी करायची, हे आम्हाला पुढच्या महिन्यापासून ठरवायचं आहे." आता काकूंना कळतं की आपण उत्तर दिलं तर पुढच्या वेळी आपल्यालाच ताटकळत बसावं लागणार नाही.

इथे एक गोष्ट जपा. सर्व्हे आणि तक्रार या वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन अजून गळत असेल तर त्या माणसाला सर्व्हेचे प्रश्न नकोत, त्याला टेक्निशियन हवाय. म्हणून मेसेजमध्ये स्पष्ट लिहा की मशीनचा काही त्रास असेल तर थेट फोन करा. आणि सर्व्हेच्या उत्तरात कुणी तक्रार लिहिलीच, तर महिनाअखेरीच्या मोजणीपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी बोला.

३. उत्तरांचं काय होणार: इथे मी एक ग्राहक गमावला

हा भाग मी सगळ्यात महागात शिकलो.

पहिल्या फॉर्मची जी तीन उत्तरं आली, त्यातलं एक आमच्या जुन्या ग्राहक काकूंचं होतं. वर्षानुवर्षं त्यांची एएमसी आमच्याकडे होती. त्यांनी लिहिलं होतं, "मुलगा दीड तास उशिरा आला, आणि किचनमध्ये सांडलेलं पाणी तसंच ठेवून गेला." मी तापलो. त्या उत्तराचा स्क्रीनशॉट काढून थेट टेक्निशियनला पाठवला. तोही तापला आणि त्याने काकूंना फोन केला. "काकू, मला तिथेच सांगायचं ना, मालकांना कशाला लिहिलं?"

तासाभरात काकूंचा मला फोन. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द अजून आठवतात. "अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं, त्याला नाही. मी दुपारभर घरी एकटी असते. उद्या तोच मुलगा परत यायचा माझ्या घरी. मी कशाला तुम्हाला पुन्हा काही सांगू?"

त्यांनी पुढची एएमसी घेतली नाही. मी दोनदा माफी मागायला गेलो. त्यांनी चहा पाजला, पण एएमसी नाही दिली.

त्यांची तक्रार खरी होती. चूक माझी होती, कारण उत्तर कोण वाचणार हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. घरी जाऊन सर्व्हिस देणाऱ्या धंद्यात ही भीती दुकानातल्या ग्राहकापेक्षा जास्त असते. आपला माणूस त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहिलेला असतो, त्याला घर माहीत असतं.

तेव्हापासून मी मेसेजमध्ये चार गोष्टी साध्या वाक्यांत सांगतो. उत्तर कोण वाचणार. टेक्निशियनला काय कळणार आणि काय नाही. हा नंबर किंवा उत्तर दुसऱ्या कशासाठी वापरणार का. आणि उत्तरं किती दिवस ठेवणार.

यात "तुमचं नाव गुप्त राहील" असं लिहायचा मोह होतो. सांभाळून लिहा. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं की नाव आणि नंबर तुमच्या समोरच असतो, मग गुप्त कसलं? खरं काय आहे तेवढंच लिहा: "उत्तर फक्त मी वाचतो, टेक्निशियनला नाव सांगत नाही." खरोखर निनावी हवं असेल तर गुगल फॉर्म वापरा आणि त्याच्या सेटिंगमध्ये "Collect email addresses" बंद आहे का ते बघा. पण मग नाराज ग्राहक कोण हे तुम्हालाही कळणार नाही आणि त्याला परत फोन करता येणार नाही. दोन्हींपैकी काय हवं ते आधी ठरवा.

नाव लपवलं तरी माणूस ओळखू येतो, हेही लक्षात ठेवा. टेक्निशियनच्या दिवसाला चार-पाच व्हिजिट असतात. "काल एका ग्राहकाने असं लिहिलंय" म्हटलं की त्याला लगेच कळतं कोण. म्हणून मी उत्तरं रोजच्या रोज सांगत नाही. महिन्याची सगळी एकत्र करून, फक्त आकड्यांत सांगतो.

आणि ऑफरचं एक. सर्व्हेला उत्तर देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी "नवीन मॉडेलवर सूट" असा मेसेज गेला की त्याला वाटतं, सर्व्हे म्हणजे बहाणा होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्वही हेच आहे: माहिती कशासाठी घेताय ते आधी सांगा आणि त्याच कामासाठी वापरा.

मग मेसेज असा झाला

> नमस्कार काकू, काल आमचा मुलगा तुमच्याकडे फिल्टर बदलायला आला होता. त्याबद्दल तीन छोटे प्रश्न आहेत. एक ते दोन मिनिटं लागतील. नुसते आकडे पाठवले तरी चालेल.
>
> घरी येण्याची वेळ तुमच्या सोयीची कशी करायची, हे आम्हाला पुढच्या महिन्यापासून ठरवायचं आहे, म्हणून विचारतोय.
>
> १) सांगितलेल्या वेळेत मुलगा आला का? १ हो, २ उशिरा आला, ३ वेळ सांगितलीच नव्हती
> २) तुम्हाला कोणती वेळ सोयीची? १ सकाळी ८ ते १०, २ दिवसा १० ते ६, ३ संध्याकाळी ६ ते ८
> ३) अजून काही सांगायचं असेल तर लिहा किंवा व्हॉइस मेसेज पाठवा. नसेल तर सोडून द्या.
>
> उत्तर फक्त मी वाचतो. मुलाला तुमचं नाव कळणार नाही, त्याचा पगारही यावरून कापत नाही. या उत्तराचा उपयोग जाहिरातीसाठी करणार नाही, आणि तीन महिन्यांनी चॅटमधून काढून टाकतो. उत्तर द्यायलाच हवं असं नाही, नाही दिलं तरी सर्व्हिसमध्ये फरक पडणार नाही.
>
> मशीनमध्ये काही त्रास असेल तर इथे न लिहिता थेट दुकानाच्या नंबरवर फोन करा. आम्ही ओटीपी किंवा पैसे कधीच मागत नाही.

खाली मी माझं नाव आणि दुकानाचं नाव टाकतो.

मेसेज थोडा लांब आहे, मला माहीत आहे. पण सुरुवातीच्या चार ओळींतच काम, वेळ आणि सोपेपणा कळतो. "पगार कापत नाही" हे वाक्य मी मुद्दाम टाकलं. आपल्याकडे टेक्निशियन जाता जाता म्हणतात, "साहेब, पाच स्टार द्या हं, नाहीतर पगार कापतात." मग लोक दयेपोटी चांगलं लिहितात आणि आपल्याला खरं काही कळत नाही. अर्थात, हे वाक्य खरं असेल तरच लिहा. तुम्ही खरंच कापत असाल तर आधी ते थांबवा.

हा मेसेज टेक्निशियन घरात असताना पाठवू नका. समोर माणूस उभा असताना कुणी वाईट लिहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पाठवतो. जुळणीतली बारीक गळती रात्रीतून कळलेली असते आणि वेळेची आठवणही ताजी असते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये हा मजकूर "Quick replies" मध्ये साठवून ठेवा. चॅटमध्ये / टाइप केलं की तो समोर येतो. फक्त पाठवायच्या आधी नाव आणि काम बदला, नाहीतर आजोबांना "नमस्कार काकू" जाईल. माझा एकदा गेलाय. आठवण एकदाच करा, दोन दिवसांनी. त्यानंतर सोडून द्या.

उत्तरं आल्यावर

पहिल्या महिन्यात ६४ जणांना मेसेज गेला, २७ जणांनी उत्तर दिलं. पहिल्या प्रश्नाला "हो" म्हणाले ९, "उशिरा आला" म्हणाले ७, आणि "वेळ सांगितलीच नव्हती" म्हणाले ११.

मी इतके दिवस टेक्निशियनला दोष देत होतो. पण सगळ्यात मोठा आकडा माझ्या काउंटरचा निघाला! फोन घेताना आम्ही "आज येतो बघा" म्हणायचो आणि वेळ द्यायचोच नाही. ग्राहक सकाळपासून वाट बघायचा आणि मुलगा चार वाजता गेला की तो उशिरा आला असंच वाटायचं. हा तिसरा पर्याय मी प्रश्नात ठेवला नसता, तर ते अकरा जणही बहुतेक "उशिरा" मध्ये गेले असते आणि मी मुलालाच ओरडलो असतो.

दुसऱ्या प्रश्नात संध्याकाळ १५, सकाळ ८, दिवसा ४ असं आलं. मी लगेच दोघांची ड्युटी संध्याकाळची करायला निघालो होतो. पण ३७ जणांनी उत्तर दिलेलंच नाही, हे बायकोने लक्षात आणून दिलं. उत्तर न देणारे बहुतेक वयस्कर होते, व्हॉट्सॲप फारसं न बघणारे. त्यातल्या सहा जणांना मी फोन केला. चौघं म्हणाले, "दिवसाच या, संध्याकाळी अंधारात नको." म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा कल हा सगळ्या ग्राहकांचा कल नसतो. आणि २७ उत्तरांवरून टक्केवारी काढत बसू नका. दोन जणांनी मत बदललं तरी चित्र बदलतं. एवढ्या उत्तरांवरून दिशा कळते, तेवढी पुरे.

शेवटी बदल दोनच केले. फोनवर बुकिंग घेताना दोन तासांची वेळ ठरवून सांगायची. आणि मंगळवार-शुक्रवार एका टेक्निशियनची ड्युटी दुपारी १२ ते रात्री ८. मुलाशी बोलूनच हे ठरवलं, कारण संध्याकाळ त्याची जाणार होती. त्या दोन दिवशी तो दुपारी बाराला येतो, म्हणून त्याचे तास वाढले नाहीत.

मग त्या २७ जणांना एक मेसेज पाठवला: "तुम्ही सांगितलंत त्यावरून आता मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री ८ पर्यंत सर्व्हिस मिळेल. बुकिंग करताना दोन तासांची वेळ ठरवून देऊ." हा मेसेज विसरू नका. उत्तरांचा उपयोग करू असं सांगितलं होतं, तो केला हे दाखवायची जागा ही.

एक चूक अजून टाळा. चांगलं उत्तर देणाऱ्यांनाच निवडून गुगल रिव्ह्यूची लिंक पाठवू नका, आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सूटही देऊ नका. गुगलच्या नियमांत दोन्ही चालत नाही. रिव्ह्यू मागायचा तर सगळ्यांना मागा, आणि सर्व्हेपासून वेगळा.

त्या काकूंचं सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी त्यांच्या सुनेचा फोन आला, मशीनमधून पाण्याची धार बारीक येतेय म्हणून. मुलगा ठरलेल्या वेळेत जाऊन आला. दुसऱ्या दिवशी मी नेहमीचा मेसेज पाठवला. उत्तर काकूंनी स्वतः दिलं: "१, २. आणि या वेळी फरशी पुसून गेला." एएमसीचं मी अजून विचारलेलं नाही. त्यांनी पुन्हा काहीतरी सांगितलं, सध्या एवढं पुरे आहे.

तुम्ही तुमच्या धंद्यासाठी मेसेज लिहाल तेव्हा आधी तो एक निर्णय कागदावर लिहा, आणि पाठवायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून भरून घ्या. स्टॉपवॉच लावायला विसरू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत.